अनोळखी वर्गावर बदली तास: चार संख्या आणि कोरे कागद

प्रश्न: बदली तासाला ऐनवेळी कुठल्याही वर्गावर पाठवतात. मुलं कोण, धडा कुठवर आलाय, वर्गाच्या सवयी काय, काहीच माहीत नसतं. अशा वेळी हमखास चालेल असा एखादा पाठ सांगाल का?

उत्तर:

एकच पाठ सांगतो, पण पूर्ण सांगतो. वजाबाकी येणाऱ्या कुठल्याही वर्गावर तो चालतो, म्हणजे साधारण तिसरीपासून दहावीपर्यंत. पुस्तक लागत नाही, आधीचा धडा लागत नाही, कोण हुशार आहे हे माहीत असण्याचीही गरज नाही. पिशवीत अर्ध्या आकाराचे साठेक कोरे कागद, आठ-दहा पेन्सिली आणि दोन खडू ठेवा. कागद आपलेच हवेत. "वहीत लिहा" म्हटलं की कुठली वही, पक्की की कच्ची, समास आखायचा का, असे प्रश्न सुरू होतात आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे नसतात. कोऱ्या कागदाला वर्गाची कुठलीच जुनी सवय चिकटलेली नसते.

त्याच कारणासाठी "तुमचं कुठवर झालंय?" आणि "तुमच्या बाई काय करू देतात?" हे दोन प्रश्न विचारू नका. पहिल्याला पाच वेगवेगळी उत्तरं येतात, दुसऱ्यावर वाद होतो, आणि दोन्हींमुळे वर्गाचा ताबा मुलांकडे जातो. नियम तुम्ही सांगा, तीनच सांगा आणि ते याच तासापुरते आहेत हेही सांगा: मी हात वर केला की बोलणं थांबवायचं, बाहेर जायचं असेल तर एका वेळी एकानेच, आणि जाताना फळ्याच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहायचं, अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग मला. नावं माहीत नसतात, म्हणून कागद वाटल्यावर प्रत्येकाने वरच्या कडेला ठळक अक्षरात नाव लिहून तो भाग बाकाच्या पुढच्या बाजूला ठेवायचा. "ए निळ्या दप्तरवाल्या" असं म्हणायची वेळ येत नाही.

आता पाठ. फळ्यावर न बोलता चार संख्या लिहा: ९, ४, ७, १. त्यांच्यापुढे पहिली संख्या पुन्हा लिहून तिच्याभोवती गोल करा. मग शेजारच्या दोन-दोन संख्यांतला फरक खालच्या ओळीत मांडत जा, नेहमी मोठीतून लहान वजा करून. ९ आणि ४ चा ५, ४ आणि ७ चा ३, ७ आणि १ चा ६, १ आणि गोलातल्या ९ चा ८. नव्या ओळीची पहिली संख्या पुन्हा शेवटी गोलात.

```
९ ४ ७ १ (९)
५ ३ ६ ८ (५)
२ ३ २ ३ (२)
१ १ १ १ (१)
० ० ० ०
```

चौथ्या ओळीत शून्यं आली. सुरुवातीची ओळ मोजायची नाही, शून्यांची मोजायची. हे मोजण्याचं ठरलेलं आधीच फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर नंतर अर्धा वर्ग "चार" आणि अर्धा "पाच" म्हणत भांडतो.

हा खेळ बऱ्याच ठिकाणी चौकोन काढून, कोपऱ्यांवर संख्या आणि बाजूंच्या मध्यावर फरक, असा शिकवतात. दिसायला तो सुंदर आहे, पण मुलांच्या कागदावर चौथ्या चौकोनापर्यंत आकडे एकमेकांवर चढतात आणि कुठला फरक कुठला ते कळेनासं होतं. ओळींची मांडणी जास्त टिकते. तिच्यात एकच धोका असतो, शेवटच्या आणि पहिल्या संख्येतला फरक विसरण्याचा. गोलातली पाचवी संख्या त्याच्यासाठीच आहे. गोल न करणाऱ्यांच्या फरकांच्या पहिल्याच ओळीत तीनच संख्या दिसतात, त्यामुळे लांबूनही चूक कळते.

चाळीस मिनिटांची तासिका धरली तर इथपर्यंत दहा मिनिटं होतात. पुढची बारा मिनिटं प्रत्येकाने स्वतःच्या चार संख्या घ्यायच्या, ० ते २० मधल्या. लहान वर्ग असेल तर ० ते १०. प्रश्न एकच: शून्यं यायला तुम्हाला किती ओळी लागल्या? बहुतेकांची शून्यं सहा-सात ओळींच्या आत येतात, म्हणजे हळू करणाऱ्या मुलाचंही एक उदाहरण नक्की पूर्ण होतं आणि चपळ मुलाची तीन-चार होतात. वर्गाची पातळी माहीत नसताना हेच हवं असतं. फळ्यावर ३, ४, ५, ६, ७ असे रकाने आखा आणि ज्याचं पूर्ण झालं त्याने येऊन आपल्या रकान्यात एक रेघ मारायची.

फिरताना प्रत्येकाची बेरीज-वजाबाकी तपासत बसू नका, ते जमणार नाही. त्याऐवजी कुठल्याही नव्या ओळीतल्या चार संख्यांची बेरीज करा. ती नेहमी सम येते. वरच्या उदाहरणात ५, ३, ६, ८ ची बेरीज २२ आहे, त्याखालच्या ओळीची १०. कारण साधं आहे: प्रत्येक संख्या दोन फरकांत वापरली जाते, त्यामुळे विषम संख्यांचा परिणाम दोनदा होऊन फिटतो. बेरीज विषम आली की त्या ओळीत चूक आहे. "तिसरी ओळ पुन्हा बघ" एवढंच म्हणा आणि पुढे चला. अनोळखी माणसाने कागदावर नजर टाकून नेमकी ओळ दाखवली की मुलं मनापासून कामाला लागतात. या तपासणीची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हातचा विसरून उत्तर १० ने चुकलं तर बेरीज समच राहते आणि चूक निसटते. तशा चुकीनंतरही शेवटी शून्यंच येतात, फक्त ओळींची संख्या बदलते. म्हणून ज्यांनी मोठा आकडा सांगितला असेल त्यांची उदाहरणं शेजाऱ्याकडून पुन्हा करून घ्या.

पाच मिनिटांनंतरही बरीच डोकी वर दिसत असतील तर ती बेशिस्त नसते, रीत कळलेली नसते. सगळ्यांना थांबवा, त्यांच्यातल्याच एकाच्या चार संख्या फळ्यावर घ्या आणि या वेळी प्रत्येक फरक वर्गाकडून वदवून घ्या. तीच सूचना मोठ्या आवाजात पुन्हा सांगून उपयोग होत नाही.

रकान्यांत रेघा जमल्या की हात वर करा आणि विचारा, "सर्वांत जास्त ओळी लागाव्यात म्हणून कसल्या संख्या घ्याल?" बहुतेक जण मोठ्या संख्या म्हणतील. लगेच चूक ठरवू नका. फळ्यावर १००९, १००४, १००७, १००१ लिहा आणि पहिली ओळ करायला सांगा. ५, ३, ६, ८ येते, म्हणजे मघाचंच उदाहरण. सगळ्यांत सारखीच संख्या मिळवली की फरक बदलत नाहीत. वर्गाला हे स्वतः दिसलं की तास पुढे ओढावा लागत नाही. आता जोड्या करा, मर्यादा ० ते ५० ठेवा आणि विक्रम करायला दहा मिनिटं द्या. जोड्या शेजाऱ्याशीच. वर्गातली मैत्री आणि भांडणं माहीत नसताना मुलांना जागा बदलायला लावणं महागात पडतं.

तुमच्या खिशात दोन उत्तरं असू द्या. २, ४, ७, १३ ला नऊ ओळी लागतात. ७, १३, २४, ४४ ला बारा:

```
७ १३ २४ ४४
६ ११ २० ३७
५ ९ १७ ३१
४ ८ १४ २६
४ ६ १२ २२
२ ६ १० १८
४ ४ ८ १६
० ४ ८ १२
४ ४ ४ १२
० ० ८ ८
० ८ ० ८
८ ८ ८ ८
० ० ० ०
```

दोन्हींत शेवटची संख्या पहिल्या तिघींची बेरीज आहे. हे आधी सांगू नका. वर्ग सातावर अडकला तर "चढत्या क्रमाने घेऊन बघा" एवढी सूचना पुरते.

जे लवकर संपवून इकडेतिकडे बघू लागतील त्यांना चारऐवजी तीन संख्या घ्यायला सांगा. तिन्ही सारख्या असल्याशिवाय शून्यं कधीच येत नाहीत. शेवटी दोन सारख्या आणि एक शून्य असं त्रिकूट फिरत राहतं, उदाहरणार्थ ०, १, १, मग १, ०, १, मग १, १, ०. हे त्यांना शोधू द्या, उरलेला वेळ भरतो.

वर्ग मोठा असेल, आठवी-नववीचा, तर "चार संख्यांना शून्यं येणारच, हे कशावरून?" हा प्रश्न घाला. धागा असा: सुरुवात कशीही असो, चौथ्या ओळीत चारही संख्या सम होतात. सम-विषमच्या फक्त सोळा मांडण्या आहेत, त्या मुलांना वाटून तपासून घेता येतं. पुढच्या चार ओळींत त्या ४ ने विभाज्य होतात, मग ८ ने. दुसरीकडे ओळीतली मोठ्यात मोठी संख्या कधी वाढत नाही. दोन अंकी संख्यांनी सुरुवात केली तर २८ ओळींनंतर प्रत्येक संख्या १२८ ने विभाज्य हवी आणि ९९ पेक्षा मोठी नको. अशी संख्या शून्यच.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने कागदाच्या मागे आपलं सर्वांत लांब उदाहरण आणि "मला दिसलेली एक गोष्ट" एका वाक्यात लिहायची. कागद रांगेने पुढे आणून घ्यायचे. तासिका तीस मिनिटांची निघाली तर जोड्यांचा विक्रम गाळा, पण मागचं वाक्य सोडू नका. वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकांना त्या तासाला काय झालं हे त्यावरूनच कळतं. कागदांवर एक चिठ्ठी लावून त्यांच्या टेबलावर ठेवा: काय केलं, वर्गाचा विक्रम किती ओळींचा आणि कोणाचा, तासाला कोण बाहेर गेलं होतं. ही शेवटची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलीच आहेत, पुसण्याआधी उतरवून घ्या.

ज्या वर्गाला अजून वजाबाकी येत नाही तिथे हा पाठ नेऊ नका. बोटांवर मोजत केलेल्या दोन ओळींतच मुलं थकतात आणि मग त्यांना सांभाळायला तुमच्याकडे काही उरत नाही. पहिली-दुसरीसाठी वेगळा पाठ पिशवीत ठेवा.