दुपारचा डबा आणि रात्रीचे फरसाण

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

नाते तुटल्यापासून दुपारचा डबा जवळजवळ तसाच परत जातो, पण रात्री साडेअकराला फरसाणाचे अख्खे पाकीट कधी संपते ते कळत नाही, आणि त्याची लाज वाटून तू सकाळची न्याहारीही टाळतेस, असे तुझ्या पत्रावरून समजले. त्या रात्रीच्या खाण्याला तू मनाचा कमकुवतपणा म्हटले आहेस, ते मला मुळीच पटत नाही.

आघात ताजा असतो तेव्हा शरीर धोक्याच्या तयारीत असते. जठराचे काम मंदावते, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, घास घशाखाली उतरत नाही. हाच ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते आणि गोड, तळलेल्या पदार्थांची ओढ लागते. त्यात दिवसभराची उपासमार मिळाली की रात्री हात पाकिटाकडे जाणारच. म्हणून रात्रीवर पहारा ठेवू नकोस; दिवस सांभाळ.

उद्या सकाळी चहाच्या आधी अर्धी वाटी मऊ भाताची पेज मीठ आणि चमचाभर तूप घालून घे, किंवा एक केळे खा. भुकेची वाट पाहू नकोस, कारण सध्या ती वेळेवर येणार नाही. घड्याळ पाहून साधारण दर तीन तासांनी थोडे खा. दुपारी पोळी-भाजी नको वाटली तर डब्यातला वरण-भात चांगला कालवून चार-पाच घास घे आणि वर ताक पी. संध्याकाळचे खाणे मात्र चुकवू नकोस, कारण रात्रीचा अनावरपणा बहुधा तिथेच सुरू होतो: उकडलेले अंडे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, किंवा दही-पोहे, जे रुचेल ते चालेल. त्यानंतरही रात्री फरसाण खावेसे वाटले तर ते वाटीत काढून, बसून, चवीने खा. दुसऱ्या दिवशीची पेज मात्र ठरल्या वेळीच घ्यायची. आदल्या रात्रीची शिक्षा म्हणून ती टाळलीस की तेच चक्र पुन्हा सुरू होते.

घरगुती उपायांना मर्यादा आहेत. उभे राहताना चक्कर येणे, लघवी कमी आणि गडद होणे, पाणीही न टिकणे, कपडे भराभर सैल होणे, खाल्लेले मुद्दाम ओकून काढावेसे वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा. पाच दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल, तर एकदम भरपेट जेवणेही धोक्याचे असते, त्यामुळे आधी त्यांना विचार. दोन आठवड्यांनंतरही अन्न नकोसेच राहिले, किंवा जगणेच नको वाटू लागले, तर एक क्षणही थांबू नकोस: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि फोन दिवसरात्र चालू असतो.

उद्या दुपारी डब्यातले किती खाल्लेस, तेवढे मला कळव. दोन घास असले तरी चालतील.

तुझी,
मावशी