शेड हातावर नको, जबड्यावर बघ

अगं, मनगटावर शेड बघून फाउंडेशन घेऊ नकोस. सोलापूरच्या उन्हानं आपला चेहरा रापतो, पण स्कार्फखालची मान तेवढी रापत नाही. म्हणून जबड्यापासून मानेवर उतरणाऱ्या तीन शेडच्या बारीक रेघा ओढ आणि पंधरा मिनिटं थांब. नवी पेठेत दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नकोस, बाहेर सावलीत ये. जी रेघ मानेत विरघळते, ती तुझी.

राखाडी दिसली तर शेड फार फिकट किंवा गुलाबी आहे. पिवळसर, सोनेरी झाक बघ. नारिंगी दिसली तर आधी आठव, लावताक्षणीच तशी होती की नंतर झाली? माझी नंतर झाली होती, तेलकट त्वचेवर. त्याच फाउंडेशनची अर्धी शेड फिकट घेतली, जमलं.