अकबराने दीन-ए-इलाही हा नवा धर्म काढला होता ना? मग तो पसरला का नाही?

रूढ अर्थाने तो धर्म नव्हताच. बादशहाला गुरू मानणाऱ्या निवडक दरबाऱ्यांचं ते शिष्यमंडळ होतं, त्यामुळे प्रसाराचा प्रश्नच आला नाही. त्याला ना धर्मग्रंथ होता, ना पुरोहित, ना प्रार्थनास्थळ. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त दीक्षाविधी दिला आहे: रविवारी शिष्य पगडी हातात घेऊन बादशहाच्या पायावर डोकं ठेवी, बादशहा त्याला उठवून पगडी पुन्हा डोक्यावर ठेवी आणि ‘शस्त’ नावाचं चिन्ह देई. शिष्य एकमेकांना भेटले की एक ‘अल्लाहू अकबर’ म्हणे, दुसरा ‘जल्ल जलालुहू’. मालमत्ता, प्राण, अब्रू आणि धर्म या चार गोष्टी बादशहासाठी सोडायची तयारी, यावर निष्ठेची पायरी ठरे. यात धर्मापेक्षा स्वामिनिष्ठाच जास्त दिसते.

हे सगळं फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यातून, म्हणजे अकबराने धर्मचर्चेसाठी बांधलेल्या सभागृहातून उगवलं. १५७५ मध्ये तिथे फक्त मुसलमान विद्वान येत, आणि पहिलं भांडण झालं ते कोणी कुठे बसायचं यावरून! उलेमांची आपसातली चिखलफेक पाहून अकबराचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. पुढे हिंदू, जैन, पारशी आले. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्रीही पोचले.

सक्ती नव्हती. मानसिंहाने नकार दिला, तरी त्याचं पद गेलं नाही. नावाजलेल्या शिष्यांत हिंदू एकटा बिरबल.

फक्त एक लक्षात घ्या: ‘अकबराने इस्लाम सोडला’ हा आरोप मुख्यतः दरबारातल्याच बदायुनी या इतिहासकाराचा आहे आणि तो कट्टर विरोधक होता. अबुल फजल उलट बादशहाचा भक्त. दोघांनाही जपूनच वाचावं लागतं.