टायब्रेकर आधी लिही

तुझ्या प्रश्नमंजुषेच्या स्क्रिप्टमधल्या फेऱ्या छान बसल्या आहेत, पण टायब्रेकरच्या जागी नुसतं 'एक जादा प्रश्न' लिहिलं आहेस. साधा प्रश्न ठेवलास तर दोन्ही संघांना उत्तर येतं किंवा दोघांनाही येत नाही, आणि बरोबरी तशीच राहते. तिथे आकड्याचा प्रश्न घे, ज्याचं उत्तर कुणाला पाठ नसतं पण अंदाज बांधता येतो. 'एव्हरेस्टची उंची' नको, ती अनेकांना तोंडपाठ असते.

समज, 85–85 अशी बरोबरी आहे. सूत्रसंचालक विचारतो, "चंद्राचा व्यास किती किलोमीटर?" दोघं एकाच वेळी पाटीवर लिहितात, बोलून उत्तर घेतलं तर दुसऱ्याला पहिल्याचा आकडा ऐकून सावरून घेता येतं. एकाने 3000 लिहिलं, दुसऱ्याने 4000. उत्तर 3474. फरक 474 आणि 526, म्हणजे पहिला संघ जिंकला. कमी-जास्त दोन्ही बाजूंचा फरक सारखाच धरायचा, हे प्रश्नाआधी सूत्रसंचालकाच्या तोंडी घाल. नंतर सांगितलं की वाद होतोच. फरकही सारखा निघाला तर? म्हणून दुसरा प्रश्न राखीव ठेव.

गप्पा पाट्या उलटण्याआधी, दोन वाक्यांपुरत्या. "हात का थरथरतोय?" एवढं पुरे. संघ लिहीत असताना मात्र सूत्रसंचालकाने गप्प राहावं.

शेवटच्या गुणफलकात टायब्रेकरचे गुण मिळवू नकोस. आधी फेरीनिहाय गुण वाचायचे, मग "85–85, टायब्रेकरवर विजयी". 95–85 म्हटलंस तर बेरीज करत बसलेला प्रेक्षक गोंधळतो.