‘हँडओव्हर ढिसाळ’ या दोन शब्दांचं काय करायचं

प्रश्न: मी नुकताच टीम लीड झालोय. सात जणांच्या अप्रेझल कॉमेंट लिहायच्या होत्या. वर्षभर वहीत जे खरडलं होतं तेच टाकलं: ‘हुशार आहे पण हँडओव्हर ढिसाळ’, ‘अ‍ॅटिट्यूड आहे’, ‘एकदम भारी पोरगी’. एचआरने सगळं परत पाठवलं, ‘कन्स्ट्रक्टिव्ह भाषेत लिहा’ म्हणे. ही भाषा लिहितात कशी?

उत्तर:

तुमची वही फेकू नका. फॉर्ममध्ये ती जशीच्या तशी चालत नाही हे खरं, पण त्यात तुमचं खरं मत आहे. एचआरच्या शेऱ्यानंतर नवे लीड बहुतेक वेळा जे करतात ते याहून वाईट असतं. ‘ढिसाळ’ खोडून ‘ओनरशिपमध्ये सुधारणेस वाव आहे’ असं लिहितात. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. पुण्यात प्रॉडक्शन सपोर्टची टीम होती, नऊ जणांची. त्यातल्या एकाने समोर बसून शांतपणे विचारलं, “म्हणजे सोमवारपासून मी नक्की काय वेगळं करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘ढिसाळ’ म्हटलं असतं तर निदान तो भांडला तरी असता.

‘ढिसाळ’ हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. तो ज्या प्रसंगांवरून काढला ते प्रसंग वहीत उतरलेच नाहीत. म्हणून शब्द बदलण्याआधी मागे जाऊन ते प्रसंग शोधायचे. कधी घडलं, त्या माणसाने काय केलं किंवा केलं नाही, आणि त्यामुळे कोणाचं काय अडलं. ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या अमेरिकन संस्थेची याच तीन पायऱ्यांची पद्धत एचआरच्या ट्रेनिंगमध्ये ‘एसबीआय’ म्हणून शिकवतात. (बँकेशी संबंध नाही, ट्रेनिंगमध्ये हा विनोद होतोच.) मी त्यात चौथी पायरी जोडतो: पुढे काय हवं, आणि ते झालं की नाही हे आपण कधी बघणार.

तुमच्याच ‘हँडओव्हर ढिसाळ’सारखा माझ्या टीममधला एक शेरा उलगडून दाखवतो. मुलगा नाइट शिफ्टचा होता, रात्री दहा ते सकाळी सात. माझ्या वहीत होतं, ‘हँडओव्हर नेहमीच बोंबललेला’. लिहायला बसण्याआधी जानेवारी ते मार्चच्या त्याच्या सगळ्या हँडओव्हर नोटा उघडल्या आणि शेजारी तिकिटं लावून बघितली. तासभर गेला. नाइट शिफ्ट निघाल्या २२. त्यातल्या १९ नोटा व्यवस्थित, काही तर माझ्यापेक्षा चांगल्या. अपुऱ्या होत्या तीन. म्हणजे माझा ‘नेहमीच’ तिथेच आडवा झाला.

त्या तीनपैकी एक मात्र महागात पडली होती. क्लायंटच्या दुकानांमधल्या मालाच्या साठ्याची फाइल सिस्टीममध्ये चढवणारा जॉब पहाटे ४:२० ला बंद पडला. याने दोनदा रीस्टार्ट केला, मग फाइल उघडून बघितली तेव्हा शेवटची ओळ तुटलेली दिसली. क्लायंटच्या माणसाला फोन करून नवी फाइल मागितली. इथपर्यंत काम उत्तम. मग ६:५० ला नोट लिहिली: ‘फाइल जॉब पेंडिंग, कृपया बघणे.’ संपलं.

सकाळची मुलगी सात वाजता आली. तिने जॉब पुन्हा रीस्टार्ट केला, लॉग वाचले, तीच तुटलेली ओळ शोधली आणि आठच्या सुमारास क्लायंटला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “नवी फाइल तर ६:५५ लाच ठेवलीय.” तिने ८:०५ ला जॉब सोडला. त्याला ७० मिनिटं लागतात, म्हणजे तो ९:१५ ला संपला. आमची मुदत ८:३० ची. नोटमध्ये ‘नवी फाइल मागवलीय, आली की जॉब सोडा’ एवढं असतं, तर सातला सोडलेला जॉब ८:१० ला आटोपला असता.

उरलेल्या दोन नोटाही बघितल्या, आणि इथे माझाच पाय अडकला. तिन्ही वेळा नोट ६:५० ला किंवा त्यानंतर लिहिलेली होती, आणि तिन्ही वेळा सहाच्या पुढे एक नवं तिकीट त्याच्या गळ्यात पडलं होतं. कॅब सुटायची ७:०५ ला. ती चुकली तर पुढची नऊला. शेवटच्या तासात तिकिटं कोणी घ्यायची याचा नियम आमच्याकडे नव्हता, आणि तो ठरवणं हे लीडचं काम. मग सगळं खापर त्याच्या फॉर्मवर फोडणं बरोबर नव्हतं. त्याची चूक नव्हती असंही नाही. दोन ओळी जास्त लिहायला दोन मिनिटं लागतात.

शेवटी लिहिलं ते असं. फॉर्म अर्थातच इंग्रजीत होता, पण मी आधी मराठीत लिहून काढतो. इंग्रजीत लिहायला घेतलं की हात आपोआप त्या गुळगुळीत ठरावीक वाक्यांकडे जातो.

*‘जानेवारी ते मार्चमधील तुमच्या २२ नाइट शिफ्टपैकी १९ मध्ये हँडओव्हर नोट पूर्ण होती. तीन वेळा, चालू बिघाडावर काय करून झालं आहे आणि कोणाच्या उत्तराची वाट आहे, हे नोटमध्ये नव्हतं. फेब्रुवारीत साठ्याच्या फाइलचा जॉब बंद पडला तेव्हा तुम्ही कारण अचूक शोधलं आणि नवी फाइलही मागवली, पण नोटमध्ये त्याचा उल्लेख नसल्याने सकाळच्या शिफ्टने तीच तपासणी पुन्हा केली आणि जॉब मुदतीनंतर ४५ मिनिटांनी संपला. यापुढे प्रत्येक उघड्या तिकिटासाठी नोटमध्ये काय बिघडलं, काय करून बघितलं, कोणाकडून काय यायचं आहे आणि ते आल्यावर काय करायचं, हे असावं. यासाठी वेळ मिळावा म्हणून ६:१५ नंतर, अतितातडीचं सोडून, नवं तिकीट नाइट शिफ्टकडे येणार नाही, अशी व्यवस्था केली आहे. जूनअखेर तिमाहीच्या नोटा आपण एकत्र बघू.’*

यात एकही गोड शब्द नाही. ‘कारण अचूक शोधलं’ हे कौतुकही नाही, तसंच घडलं होतं. बरेच लीड टीकेच्या अलीकडे-पलीकडे उगाच स्तुतीचे पाव लावतात. वाचणाऱ्याला ‘पण’ कुठे येणार हे पाठ झालेलं असतं, त्यामुळे आधीचं सगळं तो सोडून देतो. चांगलं जे आहे ते जिथे घडलं तिथेच लिहावं, घटनेच्या ओघात.

आता ‘अ‍ॅटिट्यूड आहे’. हा शेरा सगळ्यात चिवट, आणि माझ्या अनुभवात याच्या खाली अनेकदा काहीच सापडत नाही. एकाबद्दल मीही तेच लिहिलं होतं. प्रसंग शोधायला बसलो तर एकच आठवला: शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘उद्या डिप्लॉयमेंटला ये’ म्हटलं आणि तो सगळ्यांसमोर “हे आधी का नाही सांगितलं?” म्हणाला. प्रश्न रास्त होता, मला झोंबला एवढंच. ती ओळ काढून टाकली. प्रसंग सापडला नाही तर ओळ लिहायची नाही, हे मी तेव्हापासून पाळतो. आणि सापडला तर शेऱ्याचं नाव बदलतं: ‘रिव्ह्यू कॉलमध्ये दोन वेळा सहकाऱ्याचं बोलणं मध्येच तोडलं, त्यामुळे तिने शोधलेली चूक कॉल संपेपर्यंत मांडलीच गेली नाही.’ हे लिहिता येतं, कारण हे कॉलवर असलेल्या कोणालाही दिसलं असतं. ‘उद्धट’ दिसत नाही, ते आपण लावतो. बायकांच्या फॉर्ममधले ‘इमोशनल’ आणि ‘घरचं फार असतं’ हेही इथेच मोडतात. आजारपण, बाळंतपणाची रजा, घरची परिस्थिती यातलं काहीही कॉमेंटमध्ये येता कामा नये, सहानुभूती म्हणूनसुद्धा नाही.

‘एकदम भारी पोरगी’लाही हीच मेहनत लागते, आणि तिथे लीड हमखास आळस करतात. नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या टीमची रेटिंगं एकमेकांशेजारी ठेवून खालीवर केली जातात तिथे, तुमच्या मॅनेजरच्या हातात फक्त तुमची कॉमेंट असते. दुसरा मॅनेजर विचारतो, “हिला पाच का?” ‘भारी आहे’वर ते पाच टिकत नाहीत. ‘वारंवार येणाऱ्या पासवर्ड रीसेटच्या तिकिटांसाठी स्वतःहून सूचनांचं पान लिहिलं, त्यानंतर ती तिकिटं पहिल्या पातळीवरच सुटू लागली’ यावर टिकतात. उलट बाजूनेही तसंच. कॉमेंट साखरेत घोळलेली आणि रेटिंग दोन, हे फॉर्म सर्वात जास्त भांडणं लावतात. कारण तो माणूस दोन्ही वाचतो आणि विचारतो, की यातलं खरं कुठलं?

तुमच्या वहीत तारखा नाहीत, म्हणून एक सावधगिरी. मार्चमध्ये लिहायला बसलं की आठवतं ते फेब्रुवारी-मार्चचंच. एप्रिल ते डिसेंबर कोरं राहतं. यंदापुरतं तिकिटं, मेल आणि चॅट चाळून प्रत्येकाच्या वर्षाच्या चारही तिमाहीतले एकदोन प्रसंग काढा. एका माणसामागे तास-दीड तास जातो, सात जणांना दोन दिवस धरा. पुढच्या वर्षासाठी वहीत शेरा लिहिलात की शेजारी तारीख आणि तिकीट नंबर टाका, बाकी भाषा कितीही गावरान असू द्या.

आणि फॉर्म सबमिट करण्याआधी त्या माणसाशी बोला. त्या नाइटवाल्या मुलाला मी मसुदा आधी दाखवला. सगळा वाचून तो म्हणाला, “सर, तिसऱ्या वेळी मी फोनवर सांगितलं होतं, सकाळच्या माणसाला विचारा.” विचारलं. खरंच सांगितलं होतं. तीनचे दोन केले, १९ चे २० केले, आणि मग सबमिट केलं.