ढेकर आला की बरं वाटतं

प्रिय डॉक्टर,

परवा रात्री छातीत जळजळ सांगणाऱ्या पेशंटला तू अँटासिड पाजलंस आणि त्याला आराम पडल्यावर घरी पाठवायला निघालास. ईसीजी न काढता. तेव्हा गर्दी होती म्हणून बोललो नाही, आता लिहितो.

मी ज्युनिअर असतानाची गोष्ट. पहाटे साडेचारला अंधेरी एमआयडीसीतला एक मशीन ऑपरेटर आला, वय चव्वेचाळीस, कायम रात्रपाळी. "अ‍ॅसिडिटी आहे, डॉक्टर. दोन वाजता वडापाव खाल्ला. ढेकर आला की बरं वाटतं." बोट छातीच्या खाली, पोटाच्या खळीवर. खिशात अँटासिडची बाटली, अर्धी संपलेली. सगळं जुळत होतं. मी इंजेक्शन लिहायला घेतलं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, याचा शर्ट पिळून काढावा इतका ओला आहे." बाहेर जानेवारीची थंडी होती.

ईसीजी काढला. पहिल्या नजरेला ठीक वाटला. फक्त एव्हीएल लीडमध्ये एसटी रेषा किंचित खाली होती. ती मी सोडून दिली असती, पण सीनिअरनी पट्टी हातात घेतली आणि त्याला एकच विचारलं, "स्टेशनचा पूल चढताना काय होतं?"

"आठवडाभर मधेच थांबतो. छाती भरून येते. दोन मिनिटांत जातं."

अन्नाने होणारी जळजळ सहसा जिना चढला की येत नाही आणि थांबलं की जात नाही. इलेक्ट्रोड तसेच ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढला. आता लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी स्पष्ट वर उचलली होती. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. ही भिंत पोटाच्या पडद्यावर टेकलेली असते, म्हणून तो खळीत दुखतो, मळमळतं, उलटी होते. एव्हीएल त्याच्या समोरच्या बाजूचं लीड, त्यामुळे कधीकधी बदल तिथे आधी दिसतो. अँटासिडने आराम पडला म्हणून हृदय सुटत नाही. वेदना आपोआपही कमीजास्त होते आणि श्रेय बाटलीला जातं.

अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला दिली आणि त्याला कॅथलॅबमध्ये नेलं. उजवी धमनी पूर्ण बंद होती.

तेव्हा छातीत किंवा खळीत काहीही म्हणाला तरी दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढ. नॉर्मल आला आणि त्रास चालू असला, तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढ, ट्रोपोनिन पाठव. पहिलं ट्रोपोनिनही लवकर घेतलं तर नॉर्मल येतं, तेही काही तासांनी परत पाठव.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात मी त्याला विचारलं, पुलाचं आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तुम्ही जेवणाचं विचारलं होतं ना."

तुझा,
सर