सोयाबीन बियाण्याच्या व्हिडिओची स्क्रिप्ट दरवर्षी चालावी म्हणून

प्रश्न: लातूर भागातल्या शेतकऱ्यांसाठी घरच्या सोयाबीन बियाण्यावर व्हिडिओ करतोय. भाव, तारखा काढल्या की स्क्रिप्ट मोघम वाटते. दरवर्षी चालेल अशी कशी लिहू?

उत्तर:
मोघम वाटते, कारण तुम्ही आकडे नुसते खोडताय. खोडलेला आकडा ज्या गोष्टीवरून आला होता, ती त्याच्या जागी लिहा.

समजा स्क्रिप्टमध्ये असं आहे: “यंदा पाऊस लवकर आलाय, १२ जूनपर्यंत पेरून टाका. बियाण्याची पिशवी किती महाग झालीय! आणि सध्या सगळे नवीन वाणच लावतायत.”

यातली तारीख पावसावरून आली. मग लिहा: “७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेली की पेरा.” मृग बरसो नाहीतर आर्द्रा उजाडो, हे वाक्य खोटं पडत नाही.

पिशवीचा भाव होता तो घरचं बियाणं वापरायला पटवण्यासाठी. ते काम उगवण चाचणी जास्त चांगलं करते. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचं नाही, आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. ६० उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. हे आकडे बाजारावर हलत नाहीत, त्यांना हात लावू नका. खर्चाबद्दल एवढंच म्हणा: “दुकानातला पिशवीचा भाव आणि मोंढ्यातला सोयाबीनचा भाव शेजारी लिहून बघा.”

‘नवीन वाण’च्या जागी कारण द्या: सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होतं, म्हणून सरळ वाणाचं घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं. ‘खरीप’ मात्र काढू नका, तो विषयाचाच भाग आहे. ‘यंदाचा खरीप’मधलं ‘यंदाचा’ तेवढं उडवा.

मग ‘यंदा’, ‘सध्या’, ‘नुकतंच’, ‘आजकाल’, ‘गेल्या वर्षी’ हे शब्द शोधा. ‘आता’ सरसकट काढू नका, “आता कोंब मोजा” यात काही बिघडत नाही. खरा चोर क्रियापदात लपतो: आलाय, झालीय, वाढलेत. तो शोधून सापडत नाही, मोठ्याने वाचताना कानाला लागतो.

हमीभाव सांगायचाच असेल तर बोलू नका. २०२४-२५ ला तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पुढच्याच हंगामात ५,३२८ झाला. व्हिडिओतला आवाज नंतर बदलता येत नाही, खालचं वर्णन बदलता येतं. “चालू हमीभाव खाली लिहिलाय” म्हणा आणि दर हंगामाला तो आकडा खरंच बदला, नाहीतर हे वाक्यच शिळं होईल.

चित्रीकरणातही बघा. स्क्रिप्टमध्ये ‘पिशवी जवळून दाखवणे’ असेल तर टॅगवरची चाचणीची तारीख आणि मुदत पडद्यावर वाचता येते. मोंढ्यातल्या भावफलकाचंही तेच. त्याऐवजी गोणपाट उलगडतानाचे कोंब जवळून घ्या.